चौथ्या उत्तराची कोरी जागा

हिंदीच्या बाईंनी सातवीचा पेपर फोडला, आणि तोही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्याला दिला, अशी कुजबुज शाळेत होती. चहाच्या कपाबरोबर तिला पायही फुटले. ड्रॉइंगच्या सरांनी तर बाई आणि शिकवणीवाला जिन्यात बोलताना पाहिले होते म्हणे. आता एकाच जिन्याने चढणारी माणसं बोलणार नाहीत तर काय शिट्ट्या मारतील? पण आंबट बातमीला कोण विचारतंय!

मुलं बाईंना ‘विलोमबाई’ म्हणत; विलोम म्हणजे हिंदीतला विरुद्धार्थी शब्द. मूल म्हणालं, “बाई, आज मी लवकर आलो,” की त्या विचारत, “लवकरचं उलट काय? तसा काल आलास.” त्यांच्या पेपरातले शब्द धड्यातलेच असत, पण धड्याखाली शब्दार्थांची जी चौकट असते तिच्यातला एकही नसे. “चौकट पाठ करणारा पोपट,” त्या म्हणत, “धडा वाचणारा माणूस.”

त्या सत्रात धडा होता नाव आणि नाविकाचा. नदी, हवा, नाव, किनारा, नाविक यांचे समानार्थी; गहरा पानी, आशा, चढ़ाव वगैरेंचे विलोम. पेपर छपाईला जायच्या आदल्या दिवशी पर्यवेक्षकांनी प्रत्येक प्रश्नातल्या शब्दांचा क्रम फिरवला. ती शाळेची रीतच होती.

तपासायला गठ्ठा आला आणि बाईंच्या हातातलं लाल पेन थांबलं. ‘किनारा’च्या पुढे ‘सरिता’. ‘नाविक’च्या पुढे ‘पवन’. आणि चौथ्या जागी, जिथे ‘नदी’ होती, तिथे काहीच नाही. वर्गात पहिली येणारी पोरगीसुद्धा नदीपुढे गप्प! असे पेपर मूठभरच, पण सगळे त्या शिकवणीतल्या मुलांचे. उत्तरं बाईंच्या मूळ क्रमाने लिहिलेली. पोरांनी प्रश्न वाचायचीही तसदी घेतली नव्हती.

मूळ क्रमात चौथा शब्द होता ‘किनारा’. उत्तर ‘तट’.

बाईंना ती कोरी जागा ओळखीची वाटली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

पेपर मुख्याध्यापकांपर्यंत पोचले. त्यांनी बाईंना बोलावलं. “बाई, पर्यवेक्षक सोडले तर मूळ क्रम कुणाला माहीत होता?”

“मला.”

“आणि?”

“आणि कुणाला नाही.”

“अहो, मग वाऱ्याने नेला का? तुमच्या यजमानांच्या हाताखाली मी शिकलोय. ते अजून या खुर्चीत असते तर काय केलं असतं, तुम्हीच सांगा. ते कसे आहेत हो? मुलीकडेच आहेत ना अजून?”

“मुलीकडेच,” बाई म्हणाल्या. “त्यांनी मला काढलं असतं.”

काढलं नाही, पण हिंदी काढून घेतली. बाई ग्रंथालयात बसून पुस्तकांना पुठ्ठे घालू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत त्या शिरल्या की हसणं एकदम दमात घेतल्यासारखं थांबे.

यजमान मुलीकडे नव्हतेच, घरीच होते. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली होती. ज्यांच्या आवाजाला प्रार्थनेचं मैदान गप्प व्हायचं, ते आता ‘पाणी’ म्हणायला जात आणि ‘खुर्ची’ म्हणत. भेटायला कुणी आलं की डाव्या हाताने दाराकडे बोट दाखवत: नको. म्हणून बाईंनी ते मुलीकडे गेल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. दवाखान्यातल्या वाचा-उपचाराच्या मुलीने बाईंना सांगितलं होतं, “काकू, त्यांच्या सवयीचे शब्द घ्या. एक शब्द द्या, त्याचा जोडीदार त्यांच्याकडून येऊ द्या. थांबा. उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका.”

पेपर काढायचा, स्वयंपाक करायचा, आणि यांना बोलतं करायचं, हात दोनच. बाईंनी पेपरातलेच शब्द घेतले. रोज संध्याकाळी, त्याच क्रमाने. त्या हळू विचारत. त्यांच्या आवाजाला मात्र लगाम राहिला नव्हता. शब्द सापडला की तो ओरडल्यासारखा बाहेर पडे. “सरिता!” मग हसत. “पवन! नौका!” चौथ्याला ओठ हलत, कपाळावर घाम येई. बाई थांबत, आणि पुढच्या शब्दावर जात.

बाहेर जिन्यात, वरची शिकवणी सुरू होईपर्यंत, मुलं वही मांडीवर घेऊन बसलेली असत.

गठ्ठा आला त्या संध्याकाळी बाईंनी जिन्याकडची खिडकी लावली. यजमानांनी खिडकीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“वारा फार येतो,” बाई म्हणाल्या. “नदी?”

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. खिडकी वाऱ्यासाठी नाही, आपल्या आवाजासाठी लागली, हे त्यांना कळलं होतं. त्यांना झटक्याने शब्द विसरायला लावले होते, अक्कल नाही. पुढे बाईंनी दुसरा धडा काढून पाहिला, नातवाची बालवाचनमाला आणली, हात जोडले. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. थंडी संपायच्या आत ते गेले. खांदा द्यायला आलेले मुख्याध्यापक हळहळले, “मुलीकडून कधी आणलं? कळवलंही नाहीत.”

कुजबुज बाई निवृत्त होईपर्यंत टिकली, नंतरही.

पेपर बाईंनी कुणाला दिला नव्हता. त्या नवऱ्याला बोलायला शिकवत होत्या आणि खिडकी उघडी होती.