पटावर चोवीस, परीक्षेला पंधरा

देवकाबाईंचं नाक बोलायचं. कोणी थाप मारायला लागलं की त्यांची डावी नाकपुडी हळूच वर चढायची, आणि थाप मारणाऱ्याला आपली धोतराची गाठ सुटली की काय असं वाटून तो कमरेकडे हात न्यायचा. तोंडानं त्या फारसं बोलत नसत. नाकावर भागत होतं तर तोंड कशाला शिणवायचं?

मूळच्या त्या केशोरीच्या. अकराव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी कपाळ मोकळं. सासऱ्यानं मात्र शहाणपण केलं आणि सुनेला नागपूरला मास्तरणीचं शिकायला धाडलं. लोक म्हणाले, पोरगी हातची गेली. ती गेली आणि शिकून परत आली, एवढंच झालं. पुढे गोंदियात मुलींची एक खाजगी शाळा निघाली, तिथे त्या लागल्या. इयत्ता चौथीचा वर्ग त्यांचा.

शाळा म्हणजे गुलाबचंद शेठच्या तांदळाच्या गोदामाची मागची बाजू. चार खोल्या आणि एक ओसरी. शेठ शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. दर सभेत ते विद्येची थोरवी सांगायचे, आणि सांगता सांगता त्यांची नजर खोल्यांची लांबीरुंदी मापत असायची. हंगामात पोती ठेवायला जागा पुरत नव्हती. म्हणून मागच्या वर्षी त्यांनीच एक ठराव पास करून घेतला होता: ज्या वर्गात निम्म्याहून कमी मुली पास होतील, तो वर्ग बंद करावा. वरून दिसायला ठराव विद्येच्या काळजीचा होता. आत तांदूळ होता.

आणि हेडमास्तर होते ईश्वरदास गुरुजी. त्यांचा आवाज खरा होता, हे आधी कबूल केलं पाहिजे. भरदार, घुमणारा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. असा आवाज नाटक कंपनीत असता तर लोकांनी पागोटी उडवली असती. पण नटाला आवाजाबरोबर पाठांतरही लागतं, आणि गुरुजींना काही वाचायचाच कंटाळा. हाती कागद आला की ते तो थेट सभेत उघडायचे आणि पल्लेदार आवाजात सुरू व्हायचे. आत काय लिहिलंय ते त्यांना श्रोत्यांबरोबरच कळायचं.

त्यांचा दुसरा षोक म्हणजे पट. चौथीच्या पटावर चोवीस मुली, हा आकडा ते देवाच्या नावासारखा घ्यायचे. "तहसिलीत एवढ्या मुली चौथीत कुठे आहेत, दाखवा!" इन्स्पेक्टर आला की तिसरीतल्या आठ-नऊ थोराड पोरी पुढच्या खोलीत आणून बसवल्या जात. पटावरचं नाव कमी करणं गुरुजींना स्वतःचं बोट कापण्यासारखं वाटे.

पोरींना घरोघर जाऊन बोलावून आणायचं काम धुरपताबाईकडे होतं. ती रोज सकाळी कपाळाला आठ्या घालून वर्गाच्या दारात उभी राहायची.

"बाई, शामकलाले बोलावून आन, असं गुरुजीनं आजबी सांगतलं. थे त सासरी नांदून राहिली, कोहमाऱ्याले! आता का बैलबंडी जुपून आनू तिले?"

"आणा. बरोबर तिच्या सासूलाही आणा," देवकाबाई म्हणाल्या. "पट पंचवीस होईल."

वार्षिक परीक्षा झाली. गुणपत्रक तयार झालं. तेव्हा गुरुजींनी देवकाबाईंना खोलीत बोलावलं.

"बाई, रविवारी कमिटीची सभा आहे. चौथीच्या निकालाचं एक छोटं टिपण द्या. छोटं हं! किती बसल्या, किती पास, कच्चे विषय कोणते. मी सभेत वाचीन."

"गुरुजी, पट किती लिहू?"

"हे काय विचारणं झालं? चोवीस!"

"परीक्षेला पंधराच बसल्या."

"ते चोवीस तसेच ठेवा," गुरुजी म्हणाले. "आणि कच्च्या विषयात गणित आलं तर लिहा की मुलींच्या बुद्धीला हिशेब झेपत नाही. सगळीकडे तसंच लिहितात."

नाकपुडी चढली. गुरुजींनी कमरेकडे हात नेला.

गणित खुद्द गुरुजींकडे होतं. दुपारचा तो तास म्हणजे वर्गातलं मोठं प्रेक्षणीय दृश्य. गुरुजी खुर्चीत बसून पोरींना पाढे म्हणायला सांगत, आणि पोरी सात साते एकोणपन्नासला पोचेपर्यंत गुरुजींची मान छातीवर आलेली असे. पोरी हुशार. त्या आवाज एकसारखा ठेवत, म्हणजे गुरुजी जागे होत नसत. भूगोलाच्या तासाला देवकाबाई वर्गात शिरल्या की आधी हेडमास्तरांना उठवावं लागे.

देवकाबाई गुणपत्रक पुढे घेऊन बसल्या. पास नऊ. पटावरच्या चोवीसवर मोजलं तर शेकडा साडेसदतीस, म्हणजे वर्ग बंद, ओसरीपासून फळ्यापर्यंत पोती. परीक्षेला बसलेल्या पंधरांवर मोजलं तर शेकडा साठ, वर्ग वाचला. ठरावात निम्मे म्हणजे कशाचे निम्मे ते लिहिलंच नव्हतं; आणि शेठ कोणता आकडा उचलतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. वर्ग गेला तर पुढच्या साली तिसरी पास होणाऱ्या पोरी थेट विड्या वळायला बसणार. आपल्या नोकरीचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण तेवढंच मनात होतं असं म्हणणाऱ्याकडे त्यांचं नाक वळलं असतं.

चोवीस खोडायचे तर गुरुजी टिपण फाडणार. म्हणून त्यांनी चोवीस ठेवले. मात्र त्यांच्यापाशी बाकीचे आकडेही बसवले. कागद अर्ध्या पानाचा झाला. शनिवारी त्यांनी तो गुरुजींपुढे ठेवला.

"एकदा वाचून घ्या, गुरुजी."

गुरुजींनी तो दूर धरून बघितला. "वा! अक्षर फार सुरेख!" म्हणाले, आणि घडी करून कोटाच्या खिशात टाकला.

"वाचून घ्या म्हणते मी."

"बाई, मी कागद हातात घेतला की वाचला जातो."

रविवारी सभा भरली. गादीवर गुलाबचंद शेठ, शेजारी त्यांच्या होला हो म्हणणारे दोन व्यापारी, आणि भिंतीला टेकून मुर्रीचे बिसराम पाटील. पाटलांची नात फुलवंता चौथीत होती. बायांनी सभेत बसायची रीत नव्हती, म्हणून देवकाबाई आणि धुरपताबाई दाराशी उभ्या.

गुरुजी उठले. उपरणं सारखं केलं. एक पाऊल पुढे, एक हात छातीवर. घसा खाकरून झाला. आणि सुरुवात झाली.

"इयत्ता चौथी, वार्षिक परीक्षेचा निकाल! पटावर चोवीस!" इथे गुरुजींनी थांबून सगळ्यांकडे पाहिलं. कोणी टाळी वाजवली नाही. "परीक्षेस बसल्या पंधरा. न बसलेल्या नऊ. पैकी सात जणी लग्न होऊन सासरी गेल्या, दोन जणींची घरं गाव सोडून गेली..."

आवाज अजून तसाच घुमत होता. गाडी रुळावरून उतरली तरी चाकं थोडा वेळ फिरतात, तसं.

"सर्व विषयांत उत्तीर्ण नऊ. बसलेल्यांत शेकडा साठ, पटावर शेकडा साडेसदतीस. भाषा व शिवण, सर्व पंधरा उत्तीर्ण. भूगोल तेरा. गणित दहा. नापास सहा, पैकी चौघी फक्त गणितात, एक फक्त भूगोलात, एक दोन्हींत. कच्चा विषय गणित. त्रैराशिकाची उदाहरणं पंधराही जणींनी कोरी सोडली आहेत. तो भाग वर्गात शिकवून झालेला नाही. गणिताचा तास..."

इथे डोळे जिभेच्या पुढे पोचले. आवाज बसला.

"बोला ना," बिसराम पाटील म्हणाले. "गनिताचा तास कोनाकडे हाये?"

"...हेडमास्तरांकडे आहे," गुरुजी इतक्या हळू म्हणाले की त्या खोलीत त्यांचा तसा आवाज आधी कोणी ऐकला नव्हता.

दाराशी धुरपताबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शेठना गणिताशी घेणं नव्हतं. त्यांनी हवा तो आकडा आधीच उचलला होता. "साडे सैंतीस! आधे से कम! देखो भाई, नियम तो नियम है. मन बहुत दुखता है, पर कमरा खाली करना पड़ेगा." दोन्ही व्यापाऱ्यांचंही मन लगेच दुखलं.

"थांबा शेठजी," पाटील म्हणाले. "गुरुजी, मले एक सांगा. थ्या नऊ पोरी शाळेत हायेत का नाहीत?"

गुरुजींनी कागद उलटून पाहिला; मागची बाजू कोरी होती. आहेत म्हणावं तर निकाल साडेसदतीस. चौथी जाणार, आणि तीनच वर्गांच्या शाळेच्या हेडमास्तरला कोण विचारतो? नाहीत म्हणावं तर तो लाडका चोवीस गेला. शेवटी पोटाचा विचार जिंकला.

"नाहीत. म्हणजे... नावं कमी करायची राहून गेली."

"मंग साल-दर-साल चोवीस चोवीस कायले बोंबलून राहिले होते? आन इन्स्पेक्टरले कोन दाखवले, भूतं?"

"तिसरीच्या पोरी, पाटील!" धुरपताबाईला राहवलं नाही. "मीच बसवत होतो ना!"

पाटील हसले ते पोट धरून. शेठ हसले नाहीत. पण शाळेत नसलेल्या पोरी नापास झाल्या असं धरून वर्ग बंद करायचा, हे त्यांनाही भर सभेत म्हणवेना. पंधरापैकी नऊ, शेकडा साठ, असं लिहून घेतलं गेलं. चौथी राहिली.

शेठ रिकाम्या हातानं उठणारे नव्हते. "कमसे कम बरामदा तो दे दो," म्हणून त्यांनी ओसरी मागून घेतली. गणिताचा तास देवकाबाईंकडे आला. पगार जिथल्या तिथे. सभेनं त्यांचे आभार मानले. आभारांना काही खर्च येत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी तांबड्या शाईनं नऊ नावांवर रेघा मारत बसले होते. चेहरा असा की नऊ पोरी त्यांच्याच घरून सासरी चालल्या आहेत.

"बाई, आधी सांगायचं नाही का?"

"वाचून घ्या म्हटलं होतं. दोनदा."

"हं," गुरुजी म्हणाले. मग आणखी एक रेघ मारून, "पण सुरुवात बरी झाली ना? पटावर चोवीस?"

देवकाबाईंची नाकपुडी चढता चढता थांबली. "सुरुवात छान झाली, गुरुजी," त्या म्हणाल्या. इतकं दान त्यांनी दिलं.

नवीन साल सुरू झालं. ओसरीत पोत्यांची थप्पी लागली होती, वर्गात निम्मा उजेड. नापास झालेल्या पोरी पुढच्या बाकावर, त्यांत फुलवंता. देवकाबाईंनी खडू घेतला आणि त्रैराशिकाचं पहिलं उदाहरण घातलं.

"दहा पोती ठेवायला एक खण जागा लागते. तर चौथीचा अख्खा वर्ग गिळायला शेठजींना किती पोती लागतील?"

पोरी खिदळल्या. फुलवंतानं मात्र पाटी पुढे ओढली आणि गंभीरपणे हात वर केला.

"बाई, आधी थे सांगा. वर्ग पटावरचा धरू का बसलेला?"