पाटीवरचा बाप

लुआन देहाईला आपल्या बापाचं नाव माहीत होतं. निदान चाळीस वर्षं त्याचा तसा ठाम समज होता.

युद्ध संपलं आणि जपानी लोक मांचुरियातून जीव घेऊन पळाले, तेव्हा हे तीनेक वर्षांचं पोर मागे राहिलं. एका चिनी गाडीवानाच्या बायकोनं त्याला पोटाशी धरलं, वाढवलं. मरताना तिनं उशीतून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला. एका दारात एक माणूस उभा, कडेवर मूल, वर लाकडी पाटी. म्हणाली, "ही तुझी माणसं. माझी नव्हेत." बाई गेली.

पाटीवर तीन अक्षरं होती. गावातल्या तरुण मास्तरानं डावीकडून वाचली. पहिलं ताङ, म्हणजे आडनाव. शेवटचं सोंग, म्हणजे पाइन. मधलं मात्र गोगलगायीसारखं वळलेलं, त्याला काही लागेना. "झिजलंय," मास्तर म्हणाला. "पण तीन अक्षरं, पुढे ताङ! माणसाचंच नाव. तुझ्या बापाचं दुकान असणार."

झालं! तेव्हापासून बाप मेला असं धरून दर वसंतात पितरांच्या दिवशी देहाई त्याला पोचाव्यात म्हणून चव्हाट्यावर कागदी नोटा जाळायचा आणि मधलं अक्षर गिळून त्या नावानं हाक मारायचा. हाक मारावीच लागते. नाहीतर पैसे भलतंच भूत पळवतं.

आणि आता जपान सरकारनं बोलावलं म्हणून तो तोक्योत आला होता, त्याच्यासारख्याच हरवलेल्यांच्या घोळक्यात. फोटो पेपरात छापायचे, नातेवाईक आले तर भेट, नाहीतर आल्या वाटेनं परत. शेजारच्या खोलीतल्या छू आक्काला पहिल्याच आठवड्यात सख्खी बहीण भेटली. दोघी अशा रडल्या की पहारेकरीसुद्धा डोळे पुसायला लागला. देहाईचा जीव टांगणीला.

चौकशीच्या टेबलाशी दुभाषी म्हणून मोरिवाकीबाई बसल्या होत्या. साठीच्या, बालपण मांचुरियात गेलेलं, चिनी अगदी तिकडच्यासारखी. त्यांनी फोटो पाहिला, देहाईनं सांगितलेलं बापाचं नाव ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.

"भाऊ, हे नाव कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मास्तरांनी. का हो ताई? ओळखीचं आहे?"

"हे... हे माणसाचं नाव नाही हो."

देहाई हसला. "असं कसं? ताङ आडनाव. आमच्या गावात तीन घरं आहेत."

"चीनमध्ये ताङ. नाहीतर रस्सा, सूप. आमच्यात त्याच अक्षराचा अर्थ गरम पाणी. आणि मधलं झिजलेलं नाही, ते आमचं साधं जपानी अक्षर आहे. त्याचा अर्थ 'चा, ची, चे'. ते आलं की पाटी जपानी, मग बाजूची दोन्हीही आमच्यासारखीच वाचायची. तीही उजवीकडून, तेव्हा आडव्या पाट्या तशाच लिहीत." बाईंचा आवाज खाली गेला. "पाइनचं गरम पाणी. भाऊ, हे सार्वजनिक न्हाणीघर आहे."

देहाई फोटोतल्या पाटीकडे बघत राहिला. अक्षरं तीच, जागच्या जागी, पण बाप त्यातून उठून चालता झाला होता.

"मग शोधा ना ते न्हाणीघर!" तो एकदम उसळला. "मालक माझा बाप असेल!"

"या नावाची न्हाणीघरं गल्लोगल्ली आहेत. मांचुरियातसुद्धा होती. आणि दारात उभा असलेला मालकच कशावरून? अंघोळ करून बाहेर पडलेलं कोणीही असेल."

"म्हणजे मी इतकी वर्षं न्हाणीघराला पैसे पाठवले," देहाई म्हणाला. "आणि माझा बाप तिकडे उपाशी."

बाईंनी चहा पुढे सरकवला, तो निवून गेला.

फोटो पेपरात आला. कोणी फिरकलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी देहाईनंच हट्ट धरला, त्या नावाचं एक तरी दाखवा. बाईंनी त्याला जुन्या वस्तीतल्या एका न्हाणीघरात नेलं. दारातच त्या थबकल्या. "पुढे पुरुषांचा भाग. माझं भाषांतर इथवरच, भाऊ."

आत वाफ होती. बुटक्या स्टुलांवर म्हातारे अंग घासत बसले होते. देहाई एकेकाचं तोंड न्याहाळत गेला, कान बघितले, हनुवट्या बघितल्या. बाप म्हणून ऐंशीच्या घरातला कोणीही चालला असता त्याला. शेवटी एका कोपऱ्यात तो नुसता बसून राहिला.

शेजारच्या म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं फडक्याला साबण लावला आणि न विचारता देहाईची पाठ घासायला घेतली, मानेपासून कमरेपर्यंत, पोरांची घासतात तशी दाबून. मग कोमट पाणी ओतलं, खांद्यावर थोपटलं आणि काहीतरी विचारलं.

प्रश्न होता एवढं सुरावरून कळलं. बहुतेक विचारलं असेल, कुठला तू, कोणाचा. देहाईनं मान खाली घातली आणि पाठ तशीच म्हाताऱ्यापुढे धरून ठेवली.