तळाशी राहिलेलं तेल

आई आणि मुळगावच्या बचतगटातल्या बायकांनी घाण्यावर काढलेलं खोबरेल एका मोठ्या डब्यात साठवलं होतं. गणेश चवथीला ते विकायचं होतं. जरा वास येतोय म्हणून मी बाटलीभर तेल कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच, म्हणून सगळ्यांचा माझ्यावर विश्वास होता.

पाच ग्रॅम तेल, द्रावक आणि पोटॅशियम आयोडाइड मिसळून मी फ्लास्क मिनिटभर अंधारात ठेवला. मग पाणी घालून ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडू लागले. साडेसात मिलीपर्यंत आयोडीनचा रंग गेला असता, तर तेलाचा खवटपणा सांगणारं पेरॉक्साइड मूल्य पंधराच्या आत, म्हणजे चालण्यासारखं ठरलं असतं. साडेसात झाले, पिवळा रंग तसाच. 'जा ना आता,' मी मनात विनवत होते. फिका झाल्यावर स्टार्च घातलं, द्रावण निळं झालं. निळा गेला तेव्हा ब्युरेटवर अकरा मिली झाले होते. तेल न घालता केलेली चाचणी जवळजवळ शून्य आली, म्हणजे दोष रसायनांचा नव्हता. पुन्हा केलं, तेच आलं.

मी आईला फोन केला. "नवं तेल घालण्याआधी डबा धुतला होतास?"

"रिकामो डबो बरो नाय गो बाये, लक्ष्मी जाता. तळाक जुना तेल ठेवून वर नवा ओतला."

तळाच्या त्या खवट झालेल्या तेलानंच नवं लवकर बिघडवलं होतं.

"मगे सगळा टाकूचा?"

मी ब्युरेटवरचा आकडा पुन्हा पाहिला. शेवटी म्हटलं, "होय."

घरी जाऊन मी डबा घासला आणि उन्हात रिकामाच ठेवला. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.