भिंतीवरचं वजन

माझा स्वभाव तापट. मी शिकवायचे त्या शाळेतल्या मुली मला मिरची म्हणत, आणि ते मला माहीत होतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मिस्त्रीच्या एका शब्दाचा जेवढा दोष होता, त्याहून जास्त माझ्या या नाकावरच्या रागाचा होता.

दुष्काळाचं साल होतं. यजमान खर्ड्याकडे दुष्काळी कामावर कारकून, महिन्यातून दोनदा घरी यायचे. मी सावेडीतल्या एका नव्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि खाली घरमालकीण काकू राहायच्या. बाजारात भाजी दिसली तरी हात लावायची सोय नव्हती. माझं बालपण बेलापूरचं, परसात पाटाचं पाणी खेळायचं. मला त्या उघड्या गच्चीकडे बघवेना. म्हटलं, एक कोपरा तरी हिरवा करायचाच.

शेजारी एका घराचं बांधकाम चालू होतं. तिथल्या मिस्त्रीला विचारलं, मातीचे डबे ठेवले तर गच्ची सोसेल का? तो वर न बघताच म्हणाला, "वजन भिंतीवर घ्या बाई, मंग काय भ्याव न्हाई. आन् डब्यांना खालून भोकं पाडा. कोरड्या मातीपरीस वली माती दीडपट भरती."

मी भिंतीवर घेतलं. गच्चीला पुढच्या बाजूला कठड्याची भिंत होती, तिला टेकवून फळ्यांची तीन पायऱ्यांची मांडणी ठोकून घेतली. रॉकेलचे अठरा डबे, एका पायरीवर सहा. डबे अर्धे कापा म्हणून सुताराने सांगितलं होतं, पण मला वांगी लावायची होती, मुळांना खोली हवी म्हणून मी अख्खेच ठेवले. वरच्या डब्यातलं पाणी भोकांतून मधल्या डब्यात, मधल्याचं खालच्यात. तांदूळ धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी वरच्या सहा डब्यांना घातलं की अठराच्या अठरा भिजायचे. वर्गात गणित सुटल्यावर मुलींना होतो तसा आनंद मला रोज सकाळी व्हायचा.

आता ती कठड्याची भिंत कुठे उभी होती, तर घराच्या भिंतीबाहेर तीन फूट आलेल्या सज्ज्याच्या टोकावर. खाली काकूंचा ओटा. आणि सज्ज्याच्या पोटात एक लोखंडी कडी होती. काकूंची मुलगी बाळंतपणाला आलेली, तिच्या दोन महिन्यांच्या बाळाची झोळी दुपारभर त्या कडीला टांगलेली असायची, कारण सगळ्या घरात वारा असा तिथेच होता.

भांडण थेंबांवरून झालं. खालच्या पायरीतून झिरपलेलं पाणी सज्ज्यावरून ओट्यावर पडायचं. काकू म्हणाल्या, "प्यायला पाणी नाही आणि तू माझ्या भिंतीला पाजतेस." माझं डोकं सणकलं. म्हटलं, उद्यापासून एक थेंब पडला तर नाव बदलीन. त्याच संध्याकाळी चिंधीचे बोळे करून, वर डांबर फासून मी खालच्या सहाही डब्यांची भोकं बुजवली. थेंब थांबले. बोलणंही थांबलं. जिन्यात समोरासमोर आलो तरी दोघी भिंतीकडे बघायचो.

पुढे पंधरवड्याने मला चीर दिसली. सज्जा जिथे घराला जुळतो, बरोब्बर त्या रेषेत, केसाएवढी. काकूंना सांगितलं असतं तर त्यांनी मांडणी त्याच घटकेला उतरवली असती, आणि वर बोलून घेतलं असतं ते वेगळंच. वांग्यांना नुकती फुलं धरली होती. मी मिस्त्रीकडून ओंजळभर सिमेंट मागून आणलं, कशाला ते सांगितलं नाही, आणि चीर भरून टाकली. कुणाला दिसू नये म्हणून वर राखही चोळली. झोळी खाली कुठे टांगलेली असते ते मला माहीत होतं. माहीत असूनही मी ते केलं.

आठ दिवसांनी, एका रविवारी, नळाला चार दिवस पाणी येणार नाही अशी आवई उठली. मी होतं नव्हतं ते पाणी डब्यांना पाजलं. खालचे डबे काठोकाठ भरले, चिखल झाला, कारण पाण्याला वाटच नव्हती. हातातल्या तांब्यातलं थोडं पाणी जमिनीवर सांडलं. ते ओघळत चिरेपर्यंत गेलं आणि नाहीसं झालं. मी वाकून बघितलं. माझं सिमेंट दुभंगलं होतं. चीर आता चार आण्याचं नाणं उभं मावेल एवढी होती.

मी मागे सरकले. खालून झोळीच्या दोरीचं कुरकुरणं ऐकू येत होतं.

जिना कसा उतरले आठवत नाही. काकू झोळीला झोका देत बसल्या होत्या. त्यांनी मला बघून तोंड फिरवलं. मी म्हटलं, "काकू, बाळाला उचला."

"का? आता बाळानं काय केलं तुझं?"

"आधी उचला. मग मला काय ते बोला."

त्यांनी झोळीत हात घातला. बाळाला छातीशी धरून त्या अंगणात आल्या. आतून मुलगी धावत आली, सज्जा फाटलाय म्हणून सांगून तिला मिस्त्रीकडे पिटाळलं. तो रविवारीही कामावर होता म्हणून बरं. मी डबे उतरवायला वर पळणार, तर काकूंनी दंड धरला. "कुठं चाललीस? तुझं वजन काय सज्ज्यावर पडायचं नाही?"

मग आम्ही दोघी अंगणात उन्हात उभ्या राहिलो, सज्ज्याकडे बघत. झोळी रिकामी हलत होती. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

मिस्त्री दोन गडी आणि लाकडाच्या बल्ल्या घेऊन आला. आधी सज्ज्याखाली टेकू ठोकले, ते पक्के बसल्यावरच डबे उतरवायला गडी वर पाठवले. वरची पायरी आधी, मग मधली. खालचा एकेक डबा दोघांना उचलावा लागला. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, भिंतीवर म्हंजी खालच्या घराच्या भिंतीवर. कठडा काय कुनाचं वजन घेतोय? त्यो सोताच सज्ज्यावर बसलेला हाय."

मग तो वर चढून चिरेपाशी बसला, मीही मागोमाग गेले. बोटाने सिमेंट खरवडलं, हुंगल्यासारखं जवळून बघितलं. "हे कवा भरलं?"

काकू जिन्याच्या दारात उभ्या होत्या, खांद्याशी बाळ. आजच दिसली म्हणावं असं मनात आलं, अगदी ओठांवर आलं. पण राख माझ्याच हातची होती. मी म्हटलं, "आठ दिवस झाले."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "आठ दिवस मी खाली बसून झोका देत होते गं."

मला रडू कोसळलं. त्यांनी रडू दिलं.

पुढच्या आठवड्यात सज्जा उतरवला. मांडणी मागे, जिन्याच्या जाड भिंतीच्या डोक्यावर मांडली, दोनच पायऱ्यांची, अर्धे कापलेले नऊ डबे. डांबराचे बोळे काढायला काकू स्वतः माझ्याजवळ बसल्या, सळईने एकेक भोक मोकळं केलं. भांडी विसळलेलं पाणी रोज संध्याकाळी त्याच वर आणून द्यायच्या. पहिली वांगी निघाली तेव्हा भरली वांगी करून मला वाटीभर पाठवली. बोलणं पूर्वीपेक्षा जास्तच सुरू झालं.

फक्त बाळाला घ्यायला मी हात पुढे केले की त्या म्हणायच्या, "राहू दे, झोपायला आलंय." मुलगी सासरी गेली तोवर एकदाही त्यांनी ते माझ्या हातात दिलं नाही.