आबांना ऐकू आलेला चढा सूर

नौदलाच्या विमानात बसून मी पाणबुड्या ऐकायचो. जळगावात हे सांगितलं की समोरचा हसायचा, नाहीतर लगेच केळीच्या भावावर यायचा. पहिल्या वाक्यात सगळं कळलेला माणूस एकच, आमच्या नात्यातले शिंदखेड्याचे आबा. एकाहत्तरच्या युद्धात ते एका जुन्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर, सोनार ऐकायला बसायचे; पाण्यात आवाज सोडून त्याचा पडसाद टिपणारं यंत्र. नव्वदच्या सुमारास सुट्टीवर आलो, तेव्हा पॅसेंजरने त्यांना भेटायला गेलो.

त्यांच्या बायकोने, अक्कांनी, दारातच तक्रार केली, "तुम्हना आबा दिनभर गुणगुणतस. भजन बी नही, काय बी नही."

मी ओळखलं. आधी एक लांब सूर, मग जरा चढा, तुटक. लांब सूर म्हणजे सोनारने सोडलेल्या आवाजाचं पाण्यातलं घुमणं. तुटक म्हणजे कशावर तरी आपटून परतलेला. परतलेला चढा असेल, तर समोरचं जे काही आहे ते आपल्याकडे सरकतंय. खडक असा वाजत नाही. आबांचा सूर दरवेळी नेमका तेवढाच चढत होता. पाणबुडीच असावी.

"देवमासाही असाच वाजतो, आबा," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

त्यांनी ते कानाआड केलं आणि युद्धातला तो दिवस सांगायला घेतला. जहाज अगदी जवळ गेलं की खाली दडलेलं सोनारच्या झोतातून निसटतं, शेवटचा टप्पा अंदाजानेच. तसंच झालं. जहाजाच्या मागून पिंपांसारखे डेप्थ चार्ज, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, ढकलले, ठरवलेल्या खोलीवर फुटले. कान जाऊ नयेत म्हणून आबांनी हेडफोन आधीच काढले होते. परत घातले तेव्हा खवळलेल्या, बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात काही म्हणता काही कळेना. वर तेल आलं नाही, फळकूट आलं नाही. बाकीचे विसरून गेले. आबांना मात्र एकच हवं होतं: आपण "हाय तठे", तिथे आहे, म्हणालो म्हणून माणसं मेली का?

"तू त्याच समुद्रवर उडस ना?"

उडायचो. विमानातून सोनोबॉय टाकायचो; तो पाण्यावर तरंगतो, खाली तारेवर कान सोडतो आणि ऐकलेलं रेडिओने वर पाठवतो. बड्या देशांनी तर समुद्रतळाशीच असे कान अंथरून ते केबलने किनाऱ्याला जोडलेत, मी जरा भाव खातच सांगितलं. पंखा, इंजिन, पंप, चालू असलेलं सगळं ऐकू येतं.

"मंग तठे काय ऐकू येस?"

मला त्यांना सोडवायचं होतं. "काहीच नाही, आबा. त्या जागी कधीच काही नाही."

आबांनी डोळे मिटले. "चालू ऱ्हातं तं ऐकू येतं ना, भाऊ. बठ्ठा मरी गयात." सगळे मेले, एवढंच त्यांनी माझ्या उत्तरातून घेतलं.

पाणबुडी सुखरूप निघून गेली असली तरी तिथे शांतताच असणार, हे मी परोपरीने सांगितलं. ते माझ्या समाधानासाठी मान हलवत राहिले. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

पुढे त्या पाण्यावर बॉय टाकले, तेव्हा नेहमीसारखंच काही आलं नाही. सोबत्यांनी निर्धास्तपणे थर्मासमधला चहा ओतला. मी हेडफोन घट्ट दाबून बसलो. एका पाणबुडीत किती माणसं असतात, हे मला पाठ होतं.