उभा फाडलेला तक्ता

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतलं परळ म्हटलं की तुम्ही सरसावून बसणार. मोर्चा, लाठीमार, शाहिराचा डफ. सॉरी हां, माझ्याकडे कांद्याच्या पेशी आहेत.

मी तालुक्याच्या शाळेतून थेट मुंबईच्या इंटर सायन्सला आलो. इंग्रजीत बायॉलॉजी ऐकून डोकं भणभणायचं. येत एकच होतं, प्रोफेसरांची नक्कल. माझा दोस्त लालबागच्या चाळीतला, वर्गात दुसऱ्यांदा बसलेला. कॉलेजच्या परीक्षेत नापास झाला तर युनिव्हर्सिटीचा फॉर्म मिळणार नव्हता. मग बापाच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं, हे घरात ठरलेलं.

'मायटोसिस आणि मायोसिसमधला फरक' हमखास यायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी परळच्या माझ्या खोलीवर आम्ही तक्ता केला. डावीकडे मायटोसिस, उजवीकडे मायोसिस. शरीराच्या पेशींत, जननपेशी बनताना. विभाजन एकदा, दोनदा. पेशी दोन, चार. जोड्या जमत नाहीत, जमतात आणि तुकडे अदलाबदल करतात. मी प्रोफेसरांच्या आवाजात नाकातून सांगत होतो, तो लिहीत होता. आवाज काढून काढून मीच दमलो.

तेवढ्यात कर्फ्यूची गाडी ओरडत गेली. त्याला पळायला हवं होतं. उतरवून घ्यायला वेळ नाही, मला कंटाळा. ब्लेड घेतलं, कागद मधोमध उभा कापला आणि मायोसिसची बाजू त्याच्या हातात दिली.

"अरे, मायटोसिसचं काय?"

"त्याच्या उलटं लिही. फरकच विचारतात ना!"

बिचारा विश्वास ठेवून गेला.

त्याच्या अर्ध्या कागदावर होतं, 'क्रोमोसोम निम्मे. कांदा, फुलात, १६ चे ८.' निम्म्याच्या उलटं काय? दुप्पट! त्याने लिहिलं, मायटोसिसमध्ये मुळाच्या टोकाला १६ चे ३२. ते १६ चे १६च राहतात, हे माझ्या अर्ध्यावर होतं. त्याचं उलट्याचं गणित पुढच्या मुद्द्यांतही शिरलं. सगळा प्रश्न गेला. दोन मार्कांनी फॉर्म अडला.

माझा अर्धा कागद घेऊन मी चाळीत गेलो, तेव्हा तो आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाप गिरणीत साच्यावर विणणारा, नुकताच पाळीवरून आलेला. केसांत अजून कापूस. त्यांनी दोन्ही अर्धे कागद मागितले, जमिनीवर जोडून बघितले. इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं त्यांना.

"हो कागद कोणी फाडलो?"

"मी."

"उभो कित्याक फाडलंस रे मेल्या? आडवो फाडूचो! चार वळी तुका, चार तेका, दोनय बाजू शाबूत रवल्यो असत्यो. इतक्या शिकलंस, ह्या कळूक नाय तुका? उद्या तो माझ्या वांगडा साच्यार उभो रवतलो. आता काढ मास्तराचो आवाज. काढ मरे!"