चार म्हशींत दिसलं
मी माणमधल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. एका प्रयोगाच्या अहवालात लिहिलं होतं की संथ संगीत लावल्यावर चार म्हशींचं दूध थोडं वाढलेलं दिसलं; पण त्याच आठवड्यात चाराही बदलला होता, म्हणून कारण नक्की सांगता येत नाही. दवाखान्याचा फळा लहान. मी लिहून टाकलं, 'संगीताने दूध वाढते.'

चौथ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी तणतणत आले. त्यांनी गोठ्यात बँजो पार्टी बोलावली होती. म्हैस दावं तोडून पळाली, ती शेजारच्या गावात सापडली. आणि आता दूधच देईना.

चूक माझी, पण राग मला फळ्याचा आला. सगळा अहवालच बारीक अक्षरात उतरवायला घेतला. म्हातारबा म्हणाले, "आवं डॉक्टर, येवढं कोन वाचतंय? लिवा, 'चार म्हशींत दिसलं, चाराबी बदलला हुता.'"

'संगीताने दूध वाढते'च्या खाली तेवढंच लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं नेमकं वाक्य मला जमलं नव्हतं.

संध्याकाळी बँजोवाला हजर. "डॉक्टर, त्या चाऱ्याचं तेवढं पुसा की. तीन गोठ्यांच्या सुपाऱ्या मोडल्या."